एकदाच म्हणाले होते!

ईआरपीच्या कोटेशनमध्ये सगळ्यात जाड अक्षरांत छापलेला आकडा सगळ्यात निरुपयोगी असतो. त्याच्यावर 'संपूर्ण सोल्यूशन' असं लिहिलेलं असतं आणि त्याच्या पोटात लायसन्स, पहिल्या वर्षाची वर्गणी, ट्रेनिंग, जुना डेटा नव्यात ओतण्याची मजुरी असं सगळं एकत्र कोंबलेलं असतं. मालक त्या आकड्यावर दहा टक्के सूट मागतो. विक्रेत्याचा प्रतिनिधी चेहरा पाडून बाहेर जातो, वरिष्ठांना फोन केल्यासारखं करतो आणि परत येऊन सात टक्क्यांवर हात मिळवतो. चहा येतो. सूट नेमकी कशावर मिळाली, हे मात्र कोणीच विचारत नाही. ती पहिल्या वर्षाच्या वर्गणीवर मिळाली असेल, तर पुढच्या एप्रिलमध्ये ती उडालेली असते आणि तोवर प्रतिनिधीही कंपनी बदलून गेलेला असतो.

जो मालक लेथ मशीन घेताना मशीनची किंमत वेगळी, टूलिंग वेगळं आणि विजेचा आकार वेगळा लिहितो, तोच सॉफ्टवेअर घेताना सगळं एका ओळीत का लिहितो, हे कोडं मला सुटलेलं नाही. सॉफ्टवेअर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचा खर्चही एकदाच होत असेल, असं वाटतं की काय!

उपाय साधा आहे. दोन कागद घ्यायचे. एकावर 'एकदाच' लिहायचं, दुसऱ्यावर 'दरवर्षी'. मग कोटेशनमधली प्रत्येक ओळ उचलून यांपैकी एका कागदावर टाकायची. कुठली ओळ कुठे जाते, हे विक्रेत्याला विचारायचं नाही. तो प्रेमाने सगळं 'एकदाच'वर टाकेल. त्या ओळीलाच प्रश्न विचारायचा: पुढच्या एप्रिलमध्ये हा चेक लिहिला नाही, तर काय बंद पडेल? काहीच बंद पडणार नसेल तर खर्च एकदाचा. बिल निघणं, बॅकअप होणं, जीएसटीचं रिटर्न भरणं किंवा फोन उचलणारा माणूस, यांतलं काहीही थांबणार असेल तर खर्च दरवर्षीचा. मग कोटेशनमध्ये त्याला 'सेटअप चार्जेस' म्हटलेलं असो की 'वेलकम किट'.

आता भोसरीतला एक कारखाना डोळ्यांसमोर आणा. वाहनांचे सुटे भाग बनवतो, उलाढाल वर्षाला 18 कोटी, कंपनी खासगी मर्यादित. ऑफिस, स्टोअर, डिस्पॅच आणि शॉप फ्लोअर मिळून सॉफ्टवेअर वापरणारे 20 जण. कारखाना काल्पनिक आहे आणि पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून गोल धरलेले आहेत. जीएसटी बाजूला ठेवला आहे, कारण त्याचं क्रेडिट या कारखान्याला मिळतं. ज्याला मिळत नसेल, त्याने प्रत्येक आकड्यावर 18 टक्के चढवून रडावं.

मालकाच्या टेबलावर दोन कोटेशनं आहेत. पहिलं स्वतःच्या मालकीच्या लायसन्सचं. 20 लायसन्सचे 6 लाख, सर्व्हर आणि यूपीएसचे 3 लाख. सॉफ्टवेअर कारखान्याच्या कामाला बसवून देण्याचे, म्हणजे इम्प्लिमेंटेशनचे, 8 लाख. डेटा आणण्याचे 2 लाख. कारखान्याला हवे तसे बदल करण्याचे 3 लाख. ट्रेनिंगचा 1 लाख. एकदाचा खर्च 23 लाख झाला. दरवर्षीच्या कागदावर लायसन्सच्या 20 टक्के एएमसी, म्हणजे 1.2 लाख, केलेल्या बदलांच्या देखभालीचे 60 हजार, आणि बॅकअप, अँटिव्हायरस आणि अधूनमधून येणारा हार्डवेअरवाला मिळून 1.2 लाख. वर्षाला 3 लाख. पहिल्या वर्षी एएमसी आणि देखभाल फुकट, म्हणून तेव्हा फक्त 1.2 लाख.

दुसरं कोटेशन क्लाउडचं. लायसन्स नाही, सर्व्हर नाही. इम्प्लिमेंटेशन, डेटा, बदल, ट्रेनिंग मात्र तेच, 14 लाख. वर्गणी माणशी महिना 1,500 रुपये, म्हणजे वर्षाला 3.6 लाख. खाली बारीक अक्षरांत एक ओळ आहे: हा दर पहिल्या वर्षापुरता, पुढे छापील दर, माणशी महिना 2,000. बदलांच्या देखभालीचे 60 हजार इथेही दुसऱ्या वर्षापासून आहेतच.

पहिल्या वर्षाची बेरीज करा. मालकीचं लायसन्स 24.2 लाख, क्लाउड 17.6 लाख. 6.6 लाखांचा फरक! मालक क्लाउडवर बोट ठेवतो, मीटिंग संपते, सगळे जेवायला जातात.

मीटिंग दहा मिनिटं आणखी चालली असती, तर दुसरा कागद कोणीतरी उघडला असता. दुसऱ्या वर्षापासून लायसन्सवाल्याचा खर्च वर्षाला 3 लाख आहे, क्लाउडवाल्याचा 5.4 लाख. म्हणजे पहिल्या वर्षी वाचलेल्या पैशांतून दरवर्षी 2.4 लाख परत जायला लागतात. चौथ्या वर्षी क्लाउड पुढे निघून जातं आणि पाच वर्षांची बेरीज होते 36.2 लाख विरुद्ध 39.2 लाख. तिसऱ्या वर्षी कारखान्याने सहा माणसं वाढवली, तर 3 लाखांचा हा फरक 4.8 लाखांवर जातो. कारण लायसन्स वाढवायला एकदा पैसे मोजावे लागतात, वर्गणी वाढली की ती दर महिन्याला वाढलेलीच राहते.

म्हणजे क्लाउड महाग, असा निकाल लावून मोकळे होऊ नका. वाचलेले 6.6 लाख मालकाच्या कॅश क्रेडिट खात्यात पहिली तीन वर्षं कमी होत होत पडून होते. दहा टक्के व्याज धरलं तरी सव्वा लाखाच्या आसपास तिथेच वाचतात. सर्व्हर सहाव्या वर्षी बदलावा लागेल, तो खर्च पाच वर्षांच्या बेरजेत आलेलाच नाही. शिवाय सर्व्हरच्या खोलीत पावसाचं पाणी शिरलं तर रात्री कोण धावेल, याचा पगार कुठल्याही कागदावर नाही. एवढं सगळं धरून एखादा मालक म्हणाला की, 'पाच वर्षांत दीड-दोन लाख जास्त गेले तरी चालतील, मला ती कटकट नको', तर तो शहाणा माणूस आहे. पण '6.6 लाख वाचले' म्हणून सही करणारा आणि 'दीड-दोन लाख जास्त देतोय, पण कटकट विकत नाही घेत' म्हणून सही करणारा, हे दोन वेगळे मालक आहेत. पहिल्याला चौथ्या वर्षी धक्का बसतो.

या दोन कागदांवरून आणखी एक गोष्ट दिसते, ती विक्रेत्यांना दिसलेली आवडत नाही. दोन्ही कोटेशनांत 14 लाख तेच आहेत. सगळी घासाघीस लायसन्सच्या 6 लाखांवर आणि माणशी दीड हजारांवर चालते, आणि सगळ्यात मोठी रक्कम कोपऱ्यात शांत बसून असते. ते 14 लाख बहुतेक मजुरीचे आहेत. या धंद्यात मजुरी 'मॅन-डे'मध्ये मोजतात, म्हणजे एका माणसाचा एक दिवस. मॅन-डे 8,000 रुपये धरला, तर इम्प्लिमेंटेशनचे 8 लाख म्हणजे 100 दिवस. आता विचारा: कोणत्या कामाचे किती दिवस? 'खरेदी 12, स्टोअर 15, उत्पादन 30' असं उत्तर आलं तर त्या माणसाने आधी हे काम केलेलं आहे. 'सर, पॅकेजच तसं आहे' असं आलं, तर 100 हा आकडा त्याने तुमची गाडी पाहून ठरवला आहे.

फुकटवाल्यांचा भ्रमही इथेच फुटतो. मुंबईच्या फ्रॅपे टेक्नॉलॉजीजने बनवलेलं ईआरपीनेक्स्ट ओपन सोर्स आहे. लायसन्सचा एक रुपया लागत नाही. चांगलं सॉफ्टवेअर आहे आणि फुकट आहे, दोन्ही खरं. पण त्यामुळे पहिल्या कोटेशनमधले लायसन्सचे 6 लाख आणि त्याच्यावरची एएमसी तेवढी पुसली जाते. 14 लाखांची मजुरी तिथेच, सर्व्हर किंवा होस्टिंग तिथेच, फोन उचलणाऱ्या माणसाचा पगारही तिथेच. 'फुकटात ईआरपी बसवली' असं सांगणारा मालक भेटला, तर त्याच्या अकाउंटंटला एकदा बाजूला घेऊन विचारा.

आता घड्याळाकडे या. वर्गणीचं घड्याळ सही झाली त्या दिवशी सुरू होतं, काम सुरू झालं त्या दिवशी नाही. आपल्या भोसरीच्या कारखान्याने 1 ऑक्टोबरला सही केली आणि नव्या वर्षाच्या मुहूर्तावर, 1 एप्रिलला, नव्या सॉफ्टवेअरवर जायचं ठरवलं. मधल्या सहा महिन्यांत आयटमची यादी साफ करायची, कारण जुन्या यादीत एकच बोल्ट चार स्पेलिंगांनी नांदत असतो. पार्ट्यांची जुनी येणी-देणी बिलवार जुळवायची, बीओएम भरायचे, सरावाची बिलं काढून पाहायची. या काळात सॉफ्टवेअरमध्ये खरोखर कोण जातं? दोन सल्लागार, अकाउंट्समधला एक, स्टोअरमधला एक आणि लॉगिनचा पासवर्ड विसरलेले मालक. पाच जण. पैसे मात्र 20 जणांचे चालू: 1,500 गुणिले 20 गुणिले 6, म्हणजे 1.8 लाख. पाच जणांचेच घेतले असते तर 45 हजारांत भागलं असतं. 1.35 लाख रिकाम्या खुर्च्यांच्या भाड्यात गेले. त्यातून सवलतीचा दर पहिल्या वर्षापुरताच. म्हणजे खरं काम सुरू होऊन सहा महिने होतात न होतात, तोच छापील दराचं बिल दारात.

यावर करारात एक वाक्य घालता येतं: बसवणुकीच्या काळात पाच लॉगिन, उरलेली पंधरा गो-लाइव्हच्या तारखेपासून, आणि सवलतीचं वर्षही त्याच तारखेपासून मोजायचं. सहीच्या आधी हे वाक्य बहुतेक विक्रेते मान्य करतात. सहीनंतर तेच वाक्य 'कंपनीच्या पॉलिसीत बसत नाही'.

यानंतरचा मासला सोंग घेऊन आलेल्या खर्चाचा. कस्टमायझेशन नावाचा हा गृहस्थ कोटेशनमध्ये 'एकदाच'च्या पोशाखात येतो आणि जन्मभर घरात राहतो. आपल्या कारखान्याचा माल प्लेटिंगला आणि हीट ट्रीटमेंटला बाहेर जातो. जॉबवर्कच्या चलनावर माल गेला, त्यातला किती परत आला, किती बाकी, आणि बाकी मालाला वर्ष होत आलं का, हे बघावं लागतं. कारण जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल वर्षभरात परत आला नाही, तर जीएसटी कायद्याच्या नजरेत तो पाठवला त्या दिवशीच पुरवठा झालेला असतो. सॉफ्टवेअरमध्ये यासाठी तयार स्क्रीन आहे. पण स्टोअरवाल्या काकांना ती आवडत नाही. वीस वर्षं ते ज्या रजिस्टरवर काम करत आले, त्यात बाकी उजवीकडे असायची.

"आम्हाला असंच लागतं," काका म्हणतात.

"काही प्रॉब्लेम नाही साहेब, करून देऊ," सॉफ्टवेअर बसवून देणारा पार्टनर म्हणतो. म्हणणारच. त्याचा मॅन-डेचा मीटर आत्ता कुठे चालू झालाय.

स्क्रीन बनते, बाकी उजवीकडे येते, काका खूष. वर्षाने मूळ कंपनीची नवी आवृत्ती येते आणि आतली टेबलं बदलतात. तयार स्क्रीन आपोआप नीट चालते, कारण तिची काळजी मूळ कंपनीने घेतलेली असते. काकांची स्क्रीन अनाथ. ती दुरुस्त करायला पुन्हा पार्टनर, पुन्हा दिवस. वर्षाला 60 हजार म्हणजे साडेसात दिवस, आणि ते दरवर्षी. कंटाळून कारखाना ठरवतो की, नवी आवृत्ती घ्यायचीच नाही. मग एएमसी भरायची पण तिचं फळ घ्यायचं नाही, अशी अवस्था येते. म्हणून बदलाची किंमत विचारताना ती पाच वर्षांची विचारावी. 1 लाखाचा बदल, अधिक वर्षाला 20 हजार चार वर्षं: 1.8 लाख. एवढे पैसे बाकी उजवीकडे यावी म्हणून द्यायचे आहेत का? की काकांना डावीकडे बघायला शिकवणं स्वस्त पडेल?

हे फक्त भोसरीत घडतं असं समजू नका. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम महापालिकेने एसएपी सोडून ओरॅकलचं क्लाउड सॉफ्टवेअर घेतलं आणि एप्रिल 2022 मध्ये ते सुरू केलं. आपली कामाची पद्धत सॉफ्टवेअरप्रमाणे बदलायची, असं आधी ठरलं होतं. प्रत्यक्षात सॉफ्टवेअरच आपल्या पद्धतीप्रमाणे वळवत नेलं. त्यात बँकेचा ताळमेळ घालणारा भाग असा बिघडला की, व्यवहार माणसांनी हाताने जुळवायची पाळी आली. सुरुवातीचा अंदाज होता सुमारे 2 कोटी पौंडांचा. पुढे तो 10 कोटी पौंडांच्या पलीकडे गेला. अखेर ठरलं काय, तर फारसे बदल न करता तेच सॉफ्टवेअर पुन्हा बसवायचं! बाकी उजवीकडे आणण्याचा हट्ट साहेबांच्या देशातही महागच पडतो.

मग कुठलाच बदल करायचा नाही का? करायचा. ज्या बदलावाचून बिल निघणार नाही, गिऱ्हाईक माल घेणार नाही किंवा कायदा पाळला जाणार नाही, तो करावाच. वाहन कंपन्या आपल्या पुरवठादारांकडून ठरलेल्या पद्धतीचं बारकोड लेबल मागतात. तिथे हुज्जत घालून उपयोग नाही. उरलेले बदल सहा महिने पुढे ढकलावेत. त्या काळात निम्म्या लोकांना आपण काय मागत होतो, हेच आठवत नाही.

एएमसी या शब्दाखाली काय येतं आणि काय येत नाही, हेही त्या दुसऱ्या कागदावर लिहून घ्यावं, कारण आपलं सरकार फार वेळ स्वस्थ बसत नाही. ई-इन्व्हॉइसची मर्यादा ऑक्टोबर 2020 मध्ये 500 कोटींच्या उलाढालीला होती; ऑगस्ट 2023 पर्यंत ती उतरत उतरत 5 कोटींवर आली. आपला 18 कोटींचा कारखाना 1 ऑक्टोबर 2022 ला, मर्यादा 10 कोटींवर आली तेव्हा, तिच्यात सापडला. मग 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांना प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं आणि ती नोंद बंद करता न येणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरणं सक्तीचं झालं. मग सप्टेंबर 2025: 3 तारखेला जीएसटी परिषदेने दर बदलायचं ठरवलं, 22 तारखेपासून अंमल. वाहनांच्या सुट्या भागांवर जिथे 28 टक्के होते तिथे 18 आले. तीन आठवडेही मिळाले नाहीत.

अशा दिवशी दोन प्रकारची कामं निघतात. सॉफ्टवेअरच्या आतली कामं, म्हणजे नवा फॉर्म, पोर्टलशी जोडणी, नवा रकाना. आणि तुमच्या डेटातली कामं, म्हणजे शेकडो आयटमचे दर बदलणं, 21 तारखेच्या रात्रीपर्यंतच्या आणि 22 तारखेच्या बिलांत गल्लत न होऊ देणं, गिऱ्हाइकांच्या उघड्या ऑर्डरी सुधारणं. एएमसीत पहिली कामं येतात, तीही करारात 'कायदेशीर बदल समाविष्ट' असं लिहिलेलं असेल तर. दुसऱ्या कामांसाठी पार्टनर 'चेंज रिक्वेस्ट' नावाचा कागद पाठवतो आणि त्यावर मॅन-डे असतात. सरकार दर बदलतं आणि पार्टनरची दिवाळी लवकर येते. म्हणून दरवर्षीच्या कागदावर अशा कामांसाठी 10 मॅन-डे, म्हणजे 80 हजार, वेगळे धरून ठेवावेत. एखाद्या वर्षी सरकार शांत बसलं तर ते उरतील. तसं वर्ष आलंच तर मलाही कळवा.

दोन कागद वेगळे ठेवण्याचं खरं कारण आता सांगतो. दोन्हींवरचा खर्च वाढतो, पण वेगवेगळ्या कारणांनी, आणि म्हणून औषधंही वेगळी लागतात. एकदाचा खर्च वाढतो तो कामाचा अंदाज चुकल्याने. लायसन्सची आणि सर्व्हरची किंमत ठरलेली असते, ती चुकत नाही. चुकते ती 14 लाखांची मजुरी. आयटमची यादी वाटली होती त्याच्या दुप्पट घाण निघते. म्हणून राखीव रक्कम धरायची ती सगळ्या 23 लाखांवर नाही, त्या 14 लाखांवर. 20 टक्के धरले तर 2.8 लाख. आणि ही रक्कम पार्टनरला सांगायची नाही. सांगितली की ती राखीव राहत नाही, लक्ष्य होते.

एकदाच्या खर्चाला दुसरं औषध म्हणजे पैसे देण्याचा क्रम. 'गो-लाइव्ह झालं की शेवटचा हप्ता' या अटीत पळवाट आहे. नव्या सॉफ्टवेअरमधून एक बिल निघालं, फोटो काढला, पेढे वाटले, झालं गो-लाइव्ह. त्याऐवजी मजुरीचे 15 टक्के मागे ठेवावेत आणि ते पहिला महिना नव्या सॉफ्टवेअरमध्ये बंद झाल्यावर द्यावेत: स्टोअरमधला माल प्रत्यक्ष मोजून जुळला, बँकेचा ताळमेळ लागला, 11 तारखेचं जीएसटीआर-1 आणि 20 तारखेचं जीएसटीआर-3बी नव्या आकड्यांवरून भरलं गेलं. आपल्या हिशेबात हे 15 टक्के म्हणजे 2.1 लाख. एवढी रक्कम अडकलेली असेल तर पार्टनरचा फोन पहिल्या घंटेला उचलला जातो.

दरवर्षीच्या खर्चाचं दुखणं निराळं. तो अंदाज चुकल्याने वाढत नाही, विसरल्याने वाढतो. वर आपण 2,000 चा दर पाच वर्षं तोच धरला. दरवर्षी 8 टक्के वाढला, तर सहा नवी माणसं न घेताही पाच वर्षांत जवळपास अडीच लाख जास्त जातात. यावर राखीव रक्कम ठेवून उपयोग नाही, करारातली तीन वाक्यं लागतात: वाढ वर्षाला अमुक टक्क्यांपेक्षा जास्त नाही, नवा माणूस त्याच दराने, आणि सोडून जायचं असेल तर आमचा सगळा डेटा उघडता येईल अशा फायलींमध्ये, पैसे न घेता. तिसरं वाक्य सगळ्यात मोलाचं. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेब आठ वर्षं सांभाळावे लागतात. डेटा काढता आला नाही, तर वापरत नसलेल्या सॉफ्टवेअरची वर्गणी फक्त जुन्या वह्या बघण्यासाठी भरत बसावं लागतं. तो खर्च लिहायला तिसरा कागद कोणी कधी काढत नाही.

आणि दरवर्षीच्या कागदाला एक मालक लागतो. कारखान्याचा नव्हे, कागदाचा. पुष्कळ करार वर्ष संपलं की आपोआप नवे होतात. नको असेल तर 60 किंवा 90 दिवस आधी लेखी कळवावं लागतं. ती सूचना ज्या ईमेलवर येते, तो पत्ता बहुधा नोकरी सोडून गेलेल्या जुन्या आयटीवाल्याचा असतो. म्हणून अकाउंट्समधल्या एका माणसाला हे काम नेमून द्यावं: वर्गणी संपायच्या चार महिने आधी बसायचं, लॉगिनची यादी काढायची, प्रत्येकाने शेवटचं कधी उघडलं ते पाहायचं. आपल्या भोसरीच्या कारखान्यात अशी यादी काढली आणि 26 पैकी चार जण कधीच सोडून गेलेले निघाले, तर माणशी 2,000 प्रमाणे वर्षाचे 96 हजार झाले. राजीनामा देणाऱ्याचा पगार त्याच महिन्यात थांबतो, त्याची गेटवरची हजेरी थांबते, कँटीनचं कूपनही थांबतं. त्याचं लॉगिन मात्र निष्ठेने कामावर येत राहतं आणि दर एप्रिलला त्याला पगारवाढही मिळते.